नोकरी सोडताना ऑप्शन घ्यावेत की सोडावेत?

प्रश्न : मी एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कंपनी अजून शेअर बाजारात आलेली नाही. रुजू होताना मला 9,600 ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क, मिळाले : चार वर्षांचे व्हेस्टिंग, म्हणजे तेवढ्या काळात ते हळूहळू माझे होणार; पहिल्या वर्षाचा क्लिफ, म्हणजे वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच नाही; पुढे दर महिन्याला; एक्सरसाइज किंमत, म्हणजे हक्क वापरून शेअर घेताना द्यायची किंमत, 40. आता दुसरी नोकरी घेतली आहे. शेवटच्या दिवशी मला इथे 3 वर्षे 2 महिने होतील. एचआर म्हणते, त्यानंतर 90 दिवसांत एक्सरसाइज करा, नाहीतर सगळे रद्द. शेवटच्या फंडिंग राउंडमध्ये शेअर 400 ला गेला. मित्र म्हणतात, 400 ची वस्तू 40 ला मिळतेय, विचार कसला करतोस? एचआरच्या मेलमध्ये मात्र ‘कराच्या हिशेबासाठी मूल्य 220’ असेही एक वाक्य आहे, ते मला कळलेले नाही. माझी बचत साडेनऊ लाखांची आहे. सगळे ऑप्शन घेऊन टाकू का?

उत्तर : सगळे नकोत. काही घ्यावेत का, तर बहुधा हो. पण त्याआधी ज्या वाक्याकडे तुमचे मित्र बघतही नाहीत, त्या 220 च्या वाक्यापाशी थांबावे लागेल. तुमचा सगळा हिशेब तिथे फिरतो.

आधी हातात नेमके काय आहे ते मोजू. चार वर्षांचे 48 महिने, म्हणजे महिन्याला 200 ऑप्शन. पहिले वर्ष पूर्ण झाले त्या दिवशी क्लिफचे 2,400 एकदम व्हेस्ट झाले. त्यानंतरच्या 26 महिन्यांचे 5,200. एकूण 7,600. उरलेले 2,000 तुम्ही कंपनी सोडताच संपतील आणि त्याबद्दल काही करता येत नाही. मात्र हा 7,600 चा आकडा तुमच्या शेवटच्या तारखेवर टांगलेला आहे. व्हेस्टिंग महिन्याच्या ज्या तारखेला होते, तिच्या दोन दिवस आधी तुम्ही बाहेर पडलात तर 200 ऑप्शन गेले. तिमाही व्हेस्टिंग असते तर एका दिवसाच्या फरकाने 600 गेले असते. शिवाय काही कंपन्यांच्या योजनेत राजीनामा दिला त्या दिवशीच व्हेस्टिंग थांबते, नोटीस पिरियड धरला जात नाही. ऑप्शन देतानाचे तुमचे ग्रँट लेटर दोन पानांचे असेल. असले नियम त्यात नसतात. ते असतात मूळ योजनेच्या मसुद्यात, जो बहुतेकांनी कधी उघडलेला नसतो. तो मागवा आणि ‘सेवासमाप्ती’चे कलम वाचा. 90 दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे, तेही तिथेच असते.

आता एक गोष्ट, जी तुमचे मित्र विसरतात. नोकरीत असेपर्यंत ऑप्शनची खरी किंमत त्यातल्या थांबण्याच्या हक्कात असते. कंपनी वाढली तर 40 देऊन शेअर घ्यायचा, बुडाली तर काहीच करायचे नाही. खिशातून एक पैसाही जात नाही. म्हणूनच बाजारात नसलेल्या कंपनीतले बरेच जण नोकरीत असताना एक्सरसाइज करत नाहीत, आणि त्यात त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. तुम्ही नोकरी सोडलीत की हा थांबण्याचा हक्क 90 दिवसांवर येतो. त्यानंतर दोनच वाटा : स्वतःचे पैसे घालून भागधारक व्हा, नाहीतर सोडून द्या. तेव्हा मोबदला म्हणून मिळालेले ‘फुकटचे’ ऑप्शन आता फुकटचे राहिलेले नाहीत. तुमच्यासमोर आहे तो एक साधा गुंतवणुकीचा निर्णय : एकाच कंपनीत, जिचे शेअर विकायला बाजार नाही, आपली किती बचत घालायची?

ही 90 दिवसांची मुदत जगभर इतकी एकसारखी का, याचे मूळ अमेरिकेच्या करकायद्यात आहे. तिथल्या ‘इन्सेंटिव्ह स्टॉक ऑप्शन’ या प्रकाराला मिळणारी करसवलत टिकवायची असेल, तर नोकरी सोडल्यापासून तीन महिन्यांत एक्सरसाइज करावे लागते. बाकी कंपन्यांनी आणि देशांनी तो साचा बहुतेक तसाच उचलला. पण मुदत वाढवायला कंपनीला सहसा कायद्याची आडकाठी नसते. फार तर ती खास सवलत जाते. पिंटरेस्टने 2015 मध्ये दोन वर्षे काम केलेल्या कर्मचाऱ्यांसाठी ही मुदत सात वर्षांवर नेली, आणि नंतर इतरही काहींनी तसे केले. त्यामुळे मुदत वाढवून मिळेल का, हे एचआरला लेखी विचारा. बहुधा नकार येईल. पण ही विनंती मान्य झाली, तर पुढचे सगळे वाचण्याची तुम्हाला गरजच उरणार नाही, इतका तिचा फायदा आहे.

तुमची खरी किंमत 40 नाही

तुम्ही चलन किंवा देश लिहिलेला नाही, म्हणून मीही आकडे नुसतेच लिहिते. 7,600 शेअर, प्रत्येकी 40, म्हणजे 3,04,000. एचआरच्या फॉर्मवर हीच रक्कम असेल, आणि साडेनऊ लाखांतून ती सहज निघते असे तुम्हाला वाटले असेल.

पण तुम्ही 40 देऊन ज्या दिवशी शेअर घेता, त्या दिवशी त्या शेअरचे मूल्य 220 आहे असे कंपनीने नेमलेल्या मूल्यांककाने ठरवले आहे. मधला 180 चा फरक हा बऱ्याच देशांत तुमचा पगारच समजला जातो, जणू कंपनीने तो रोख दिला. शेअर विकलेला नसतो, विकता येणारही नसतो, तरी कर लागतो. 7,600 गुणिले 180, म्हणजे 13,68,000 इतके ‘उत्पन्न’ त्या वर्षी तुमच्या पगारात मिळवले जाईल. हिशेबापुरता 30 टक्के दर धरू. तुमचा नेमका दर तुमच्या बाकीच्या उत्पन्नावर ठरेल, आणि एवढी रक्कम एकदम मिसळली की तो वरच्या टप्प्यात जाण्याचीच शक्यता जास्त. 30 टक्क्यांनी कर झाला 4,10,400.

दोन्ही मिळून 7,14,400. भागिले 7,600, म्हणजे शेअरमागे 94. तुमच्यासाठी या शेअरची किंमत 94 आहे. ग्रँट लेटरवरचा 40 हा त्यातला निम्म्याहूनही कमी भाग. आणि साडेनऊ लाखांतले उरतात साधारण 2,35,000, तेही नोकरी बदलण्याच्या काळात.

भारतात हा फरक पगारातला अनुलाभ म्हणून एक्सरसाइजच्या वेळीच करपात्र होतो आणि कंपनीला त्यावर टीडीएस कापावा लागतो. पण 90 दिवसांच्या मुदतीत एक्सरसाइज करताना तुमचा पगार थांबलेला असतो, म्हणून कंपनी सहसा शेअरच्या पैशांबरोबर कराचे पैसेही आधी भरायला सांगते. ठरावीक सरकारी प्रमाणपत्र असलेल्या पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर काही वर्षे पुढे ढकलता येतो. परंतु ती सवलत शेअर विकताच किंवा नोकरी सोडताच संपते, म्हणजे तुमच्या परिस्थितीत तिचा काही उपयोग नाही. अमेरिकेत साध्या, सवलत नसलेल्या ऑप्शनवर भारतासारखाच पगाराचा कर लागतो. इन्सेंटिव्ह प्रकारात एक्सरसाइजच्या वेळी नेहमीचा प्राप्तिकर लागत नाही, मात्र तोच फरक तिथल्या पर्यायी किमान कराच्या, म्हणजे नेहमीच्या कराबरोबर समांतर मांडल्या जाणाऱ्या दुसऱ्या कराच्या, हिशेबात मोजला जातो. 2000 च्या आसपास इंटरनेट कंपन्यांची तेजी असताना तिथल्या अनेकांनी चढ्या मूल्यावर एक्सरसाइज केले, शेअर धरून ठेवले, आणि पुढच्या काही महिन्यांत भाव कोसळला. कर मात्र एक्सरसाइजच्या दिवशीच्या मूल्यावर लागला. शेअर विकून जितके आले असते त्याहून कराचे बिल मोठे, अशी वेळ कित्येकांवर आली. अमेरिकी संसदेने त्यातल्या बऱ्याच जणांना 2008 मध्ये दिलासा दिला, पण मधली वर्षे त्यांनी देणेकरी म्हणून काढली.

हा धोका तुमच्या हिशेबातही आहे. उद्या कंपनी बुडाली तर 3,04,000 जातील हे उघड आहे. भरलेले 4,10,400 सुद्धा परत येत नाहीत. शेअर बुडाल्याचा तोटा भांडवली तोटा म्हणून मांडता येईल, पण पुष्कळ देशांत तो फक्त भांडवली नफ्यातूनच वजा होतो, पगारातून नाही. ज्याच्याकडे दुसरा भांडवली नफा नाही, त्याला तो तोटा कागदावरच राहतो.

आणखी एक बारीक गोष्ट : 220 हे मूल्य कायमचे नसते. भारतात लिस्टेड नसलेल्या शेअरचे मूल्य मर्चंट बँकर ठरवतो आणि ते एक्सरसाइजच्या तारखेआधी 180 दिवसांपेक्षा जुने चालत नाही. अमेरिकेत ते साधारणपणे 12 महिने चालते, मात्र मध्ये काही मोठे घडले तर रद्द होते. तुमच्या 90 दिवसांत नवा फंडिंग राउंड झाला आणि मूल्य 300 वर गेले, तर तुमचे 40 तेवढेच राहतील आणि कर शेअरमागे 54 वरून 78 वर जाईल. म्हणून ‘हे मूल्य कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे आणि पुढचे मूल्यांकन कधी आहे?’ हा प्रश्न आजच विचारा. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबण्यात एरवी शहाणपण असते, कारण तोवर नवी माहिती हाती येते. फक्त मूल्यांकन बदलायच्या बेतात असेल तर ते महाग पडू शकते.

मग राउंडमध्ये 400 कसे?

कारण गुंतवणूकदारांनी 400 ला घेतला तो शेअर वेगळा आणि तुम्हाला मिळणार तो वेगळा. त्यांच्याकडे असतात प्रेफरन्स शेअर, तुमच्याकडे येतील साधे इक्विटी शेअर. कंपनी विकली गेली तर प्रेफरन्सवाल्यांना आधी आपले पैसे काढून घेण्याचा हक्क असतो. त्याला लिक्विडेशन प्रेफरन्स म्हणतात. सर्वांत सौम्य प्रकारात ते दोनपैकी एक निवडतात : गुंतवलेली रक्कम एकपट परत घ्यायची, किंवा आपले शेअर साध्यात बदलून सगळ्यांबरोबर वाटा घ्यायचा. जे जास्त भरेल ते. कडक प्रकारात आधी रक्कम परत आणि वर वाटाही. मूल्यांकक तुमच्या साध्या शेअरचे मूल्य काढताना या हक्काची वजावट करतो, शिवाय शेअर सहज विकता येत नाही याचीही करतो. 400 आणि 220 मधली दरी ती. कंपनी काही लपवते आहे असा त्याचा अर्थ नाही.

ही दरी तुमच्या खिशापर्यंत कशी येते ते एका हिशेबात पाहू. पुढचे आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या कंपनीचे खरे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करा. समजा कंपनीचे सगळे धरून 40 लाख शेअर आहेत. 400 च्या भावाने ‘मूल्यांकन 160 कोटी’ अशी बातमी झाली. गुंतवणूकदारांनी आजवर सगळ्या राउंडमध्ये मिळून 60 कोटी घातले, त्यांच्याकडे 20 लाख शेअर आहेत, आणि हक्क सौम्य, एकपट प्रकारचा आहे. उरलेले 20 लाख संस्थापक आणि कर्मचाऱ्यांचे.

दोन वर्षांनी कंपनी 75 कोटींना विकली गेली असे धरा. पेढे वाटावेत अशीच बातमी. गुंतवणूकदारांनी शेअर साध्यात बदलले तर त्यांच्या वाट्याला 75 कोटींचे निम्मे, साडेसदतीस कोटी येतील. हक्क वापरला तर 60 कोटी. अर्थात ते हक्क वापरतील. उरले 15 कोटी, 20 लाख शेअरमध्ये, म्हणजे शेअरमागे 75. तुम्हाला मिळतील 5,70,000. घातले होते 7,14,400. कंपनी 75 कोटींना विकली गेली आणि तुम्ही 1,44,400 नी तोट्यात.

आता उलट बाजूने विचारा : तुमचे 94 परत यायला कंपनी कितीला विकली जायला हवी? 20 लाख शेअर गुणिले 94 म्हणजे 18 कोटी 80 लाख, त्यावर आधीचे 60 कोटी. एकूण 78 कोटी 80 लाख. म्हणजे शेवटच्या मूल्यांकनाच्या जवळजवळ निम्म्या भावाला कंपनी विकली गेली, तरच तुमचे फक्त मुद्दल सुटते, तेही व्याज न धरता. हा एक आकडा तुम्ही काढलात की ‘घेऊ का?’ या प्रश्नाला धार येते. तुम्ही तीन वर्षे आत काम केले आहे. विक्री वाढते आहे का, ग्राहक टिकतात का, पुढच्या 12 महिन्यांचे पगार बँकेत आहेत का, हे तुम्हाला मित्रांपेक्षा जास्त ठाऊक आहे. ही कंपनी कोणीतरी 79 कोटींहून जास्त देऊन घेईल का? या प्रश्नाचे तुमचे स्वतःचे उत्तर ‘बहुधा हो’ असेल तरच पुढे जा.

आणि उत्तर देताना हे धरा की तोवर आणखी पैसे उभे राहतील. पुढच्या राउंडमध्ये 40 कोटी आले तर तुमच्या आधी रांगेत असणारी रक्कम 60 वरून 100 कोटी होते. कंपनी तेवढी वाढली तर बिघडत नाही. पण नुसती तग धरण्यासाठी उभारलेला पैसा साध्या शेअरवाल्यांच्या वाट्यातूनच जातो. माझा अनुभव असा की कर्मचारी आपल्या टक्केवारीची घट चर्चेत आणतात, आणि या रांगेकडे क्वचितच बघतात. नुकसान मात्र बहुतेक वेळा रांगेमुळे होते.

बाजारात नोंदणी झाली, म्हणजे आयपीओ आला, तर प्रेफरन्स शेअर बहुधा साध्यात बदलले जातात आणि रांग संपते. तेव्हा तुमचा शेअर आणि त्यांचा शेअर एकच होतो. म्हणून कंपनी कोणत्या वाटेने चालली आहे हेही महत्त्वाचे.

माहिती कुठून मिळवायची

कंपनीकडे चार गोष्टी मागा : पूर्ण सौम्यीकरण धरून, म्हणजे सगळे ऑप्शनही शेअर झाले असे मानून, एकूण शेअर किती, आजवर उभारलेली एकूण प्रेफरन्स रक्कम किती, हक्क एकपट आहे की जास्त, आणि रक्कम घेतल्यावर वरचा वाटाही मिळतो का. काही कंपन्या मोकळेपणाने सांगतात, काही ‘गोपनीय’ म्हणून टाळतात. टाळले तरी वाट बंद होत नाही. पुष्कळ देशांत कंपनीचे शेअरवाटपाचे फॉर्म आणि नियमावली नोंदणी कार्यालयात दाखल होतात आणि थोडे शुल्क भरून, काही ठिकाणी मोफतही, कोणालाही बघता येतात. भारतात कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर, ब्रिटनमध्ये कंपनीज हाउसच्या नोंदींत. प्रेफरन्सच्या अटी बहुधा कंपनीच्या नियमावलीत सविस्तर लिहिलेल्या असतात. वाचायला कंटाळवाण्या, पण सात लाख घालण्याआधी एक संध्याकाळ द्यायला हरकत नाही. अमेरिकेतल्या कंपनीचे नोंदणीपत्र मागवले तर त्यातही हे असते. आणि कोणीच काही सांगत नसेल, तर तुम्ही डोळे झाकून पैसे घालत आहात, हे धरून रक्कम ठरवा.

योजनेच्या मसुद्यात आणखी दोन कलमे शोधा. एक, शेअर विकण्यावरचे निर्बंध : बहुतेक खासगी कंपन्यांत तुम्ही बाहेरच्याला शेअर विकायला गेलात तर आधी कंपनीला विचारावे लागते, आणि ती नकारही देऊ शकते. दुसरे, परतखरेदीचा हक्क. तुम्ही प्रतिस्पर्धी कंपनीत गेलात किंवा कोणती अट मोडली असे ठरले, तर एक्सरसाइज केलेले शेअरही तुमच्याकडून दिलेल्या किमतीला परत घेण्याची तरतूद काही योजनांत असते. तुमची नवी नोकरी त्याच क्षेत्रात असेल तर हे कलम वकिलाला दाखवल्याशिवाय एक पैसाही भरू नका. 40 ला शेअर परत गेला आणि कर भरून बसलात, अशी अवस्था यात होऊ शकते.

तर मग किती घ्यावेत?

तुमच्या जागी मी असते तर सगळे 7,600 घेतले नसते. साडेनऊ लाखांतले सव्वासात लाख एकाच न विकता येणाऱ्या शेअरमध्ये, तेही कर्ज न काढता शक्य आहे म्हणून, हे मला पटत नाही. (कर्ज काढून एक्सरसाइज करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकूही नका. शेअर बुडाला तरी हप्ता बुडत नाही.) पण सगळे सोडून देणेही मला घाईचे वाटते. बहुतेक योजनांत हवे तेवढेच एक्सरसाइज करता येते. अर्धवट चालत नाही असा समज उगाच पसरलेला आहे. 2,500 शेअर घेतलेत तर 94 च्या हिशेबाने 2,35,000 लागतील. सगळे गेले तरी तुमच्या बचतीचा चौथा भाग जाईल. दुखेल, पण घर चालेल. कंपनी खरोखर 400 च्या भावाला विकली गेली तर या 2,500 चे दहा लाख होतील, त्यावर भांडवली नफ्याचा कर वेगळा. तुमचा कंपनीवर जास्त विश्वास असेल तर आकडा वाढवा, पण ‘हे पैसे शून्य झाले तर?’ या बाजूने वाढवा. 400 कडे बघून नको.

तुमचे 90 दिवस करवर्षाच्या शेवटावर पडत असतील, तर एक चांगली सोय आहे. भारतात वर्ष 31 मार्चला संपते, अमेरिकेत 31 डिसेंबरला. काही शेअर त्या तारखेच्या आधी आणि काही नंतर घेतले तर ते ‘उत्पन्न’ दोन वर्षांत विभागले जाते आणि कराचा दर खालच्या टप्प्यात राहू शकतो. मध्ये मूल्यांकन बदलणार नाही ना, एवढे मात्र आधी बघा.

कंपनीला अजून एक विचारा : येत्या काही महिन्यांत बायबॅक किंवा जुन्या भागधारकांकडून शेअर खरेदीचा काही बेत आहे का. असेल, आणि माजी कर्मचाऱ्यांना त्यात घेत असतील, तर थोडे शेअर लगेच विकून कराचे पैसे मोकळे होतील. काही योजनांत ‘नेट एक्सरसाइज’ची सोय असते : तुम्ही रोख भरत नाही, तुमच्याच शेअरपैकी काही कंपनी कापून घेते आणि उरलेले तुम्हाला देते. खासगी कंपनीत हे क्वचित मिळते, कारण कराचे पैसे तिला स्वतःच्या तिजोरीतून भरावे लागतात. तरी विचारायला काय जाते?

घ्यायचे ठरले तर शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. फॉर्म, पैसे आणि कर या तीनही गोष्टी मुदतीच्या आत कंपनीकडे पोहोचाव्या लागतात, आणि बँकेतून पैसे निघाल्याची तारीख धरायची की पोहोचल्याची, यावर वाद झालेले मी पाहिले आहेत. कंपनीचा मेल तुमच्या कार्यालयीन पत्त्यावर येत असेल तर तो पत्ता शेवटच्या दिवशी बंद होईल. एचआरला आपला खासगी पत्ता आधीच लेखी कळवा आणि ग्रँट लेटर, योजनेचा मसुदा, व्हेस्टिंगची नोंद या सगळ्याच्या प्रती त्यापूर्वी काढून ठेवा. पैसे भरल्यावर शेअर तुमच्या नावावर चढल्याचा पुरावा, डीमॅटमधली नोंद किंवा प्रमाणपत्र, हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

आणि ज्या मूल्यांकन अहवालात 220 लिहिले आहे त्याची प्रत व कर भरल्याची पावती कायम जपा. जिथे एक्सरसाइजच्या वेळी पगाराचा कर लागतो, तिथे पुढे कधी शेअर विकलात तर तुमची खरेदी किंमत 220 धरली जाते, 40 नाही. हा कागद पाच-सात वर्षांनी सापडला नाही, तर ज्या 180 वर कर भरून झाला आहे त्यावर पुन्हा एकदा भरायची वेळ येईल.